तिसरा आलेला घोडा दुसऱ्यापेक्षा सरस कसा ठरतो?

रेसच्या निकालात प्रत्येक घोड्यापुढे थोडेच आकडे छापलेले असतात. शर्यत किती मीटरची होती, जिंकणाऱ्याला किती वेळ लागला, मागचे घोडे किती लेंथने हरले आणि कोणाच्या पाठीवर किती वजन होतं. नवा माणूस त्यातली वेळ आधी पाहतो. ज्याची वेळ कमी तो घोडा चांगला, असा त्याचा सरळ हिशेब असतो. मात्र फेब्रुवारीत महालक्ष्मीच्या कोरड्या, टणक गवतावर १२०० मीटर धावलेला घोडा ऑगस्टमध्ये पुण्यात दोन दिवसांच्या पावसानंतर तेवढंच अंतर धावला, तर त्याला सहज दोन-तीन सेकंद जास्त लागू शकतात. घोडा तोच, तब्येत तीच, जॉकीही तोच. तीन सेकंद म्हणजे पंधरा-वीस लेंथ, आणि एवढ्या फरकाने हरलेल्या घोड्याकडे पुढच्या वेळी कोणी ढुंकूनही पाहत नाही.

वेळेतून मैदान वजा करायचं, मग पाठीवरचं वजन हिशेबात घ्यायचं आणि जे उरेल ते एका आकड्यात मांडायचं, असं हे काम आहे. त्या आकड्याला स्पीड फिगर म्हणतात. तो हॅंडिकॅप रेटिंगच्याच मापात मांडला, तर अधिकृत रेटिंगशी थेट ताडून पाहता येतो.

आधी हॅंडिकॅपचं पाहू. मुंबई-पुण्याच्या रेसेस चालवणाऱ्या रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचा हॅंडिकॅपर प्रत्येक घोड्याला त्याच्या कामगिरीवरून रेटिंग देतो आणि रेटिंगवरून क्लास ठरतो. क्लास थ्रीत ४० ते ६६ रेटिंगचे घोडे धावतात, क्लास टूत ६० ते ८६. रेटिंगचा एक पॉइंट म्हणजे अर्धा किलो. म्हणजे क्लास थ्रीच्या शर्यतीत ६६ च्या घोड्यावर ६२ किलो ठेवले, तर ४० च्या घोड्यावर ४९ किलो येतात. जॉकी हलका असेल, तर खोगिराखाली शिशाचे तुकडे घालून वजन भरून काढतात आणि शर्यतीनंतर त्याला खोगिरासकट पुन्हा काट्यावर उभं करतात. हॅंडिकॅपरचं स्वप्न असं की सगळे घोडे एकाच रेषेत पोचावेत. ते कधी साधत नाही, आणि का साधलं नाही हे शोधण्यातच आपल्याला रस आहे.

घोड्याची कुवत वजनात मोजायची पद्धत एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये अ‍ॅडमिरल राउस यांनी पक्की बसवली. घड्याळ तिथे फार उशिरा आलं. यॉर्कशरमधले गणिताचे मास्तर फिल बुल यांनी वेळांचं विश्लेषण करून नाव कमावलं आणि १९४८ मध्ये टाइमफॉर्म ही संस्था काढली. अमेरिकेत अँड्र्यू बायर हे नाव घेतलं जातं. हार्वर्डमध्ये शिकत असताना चॉसरवरची परीक्षा बुडवून हे गृहस्थ १९६६ ची बेलमाँट स्टेक्स पाहायला गेले आणि पदवी राहिली ती राहिलीच. १९७५ मध्ये त्यांनी आपली पद्धत पुस्तकातून उघड केली. या दोघांच्या पद्धतींत एक मोठा फरक आहे. बुल यांच्या हिशेबात वजनाला जागा आहे, बायर यांचा आकडा वजनाकडे बघतच नाही. त्याकडे नंतर येऊ.

पहिली पायरी पार टाइमची. पार टाइम म्हणजे त्या मैदानावर, त्या अंतरावर, त्या क्लासच्या साधारण विजेत्याला सामान्य मैदानात लागणारा वेळ. निदान तीन-चार मोसमांचे निकाल घेऊन प्रत्येक अंतराची आणि क्लासची मधली वेळ काढावी लागते. इथे मधली वेळ म्हणजे सरासरी नव्हे. वेळा चढत्या क्रमाने मांडल्यावर बरोबर मध्ये येते ती. सरासरी घेतली की रमतगमत झालेली एखादी शर्यत सगळा आकडा ओढून नेते. यात आणखी एक पेच आहे. पार काढायला कोणत्या दिवशी मैदान सामान्य होतं हे माहीत हवं, आणि ते ठरवायला पार हवा. म्हणून आधी कच्चे पार काढायचे, त्यावरून रोजच्या मैदानाचा अंदाज बांधायचा, तो अंदाज वेळांतून वजा करून पार पुन्हा काढायचे. तीन-चार फेऱ्यांत आकडे हलायचे थांबतात.

दुसरी पायरी ट्रॅक व्हेरिअंटची. त्या दिवशी मैदान सामान्यापेक्षा किती जड किंवा किती वेगवान होतं, याचा हा आकडा. क्लब पेनिट्रोमीटरचं रीडिंग जाहीर करतो. ठरावीक उंचीवरून वजन सोडून सळई जमिनीत किती शिरते, ते हे यंत्र मोजतं. आकडा वाढला की मैदान मऊ. पण ते सकाळचं माप असतं आणि जमिनीचं असतं. घोडे प्रत्यक्षात किती मंदावले, ते शर्यतींच्या वेळाच सांगतात.

एक दिवस घेऊ. यातले घोडे आणि वेळा हिशेब समजावण्यापुरते मानलेले आहेत. समजा महालक्ष्मीवर सहा शर्यती झाल्या. १००० मीटरची शर्यत पारपेक्षा ०.८ सेकंदांनी मंद झाली. १२०० ची क्लास फोरची १ सेकंदाने, १४०० ची १.२ आणि १६०० ची १.४ सेकंदांनी. २००० मीटरची तब्बल ४ सेकंदांनी मंद. आणि १२०० मीटरची क्लास थ्रीची शेवटची शर्यत फक्त अर्ध्या सेकंदाने.

लांब शर्यतीत मैदानाचा त्रास जास्त वेळ सोसावा लागतो, म्हणून हे आकडे दर हजार मीटरवर आणायचे. पहिल्या चार शर्यतींचे आकडे ०.८० ते ०.८८ सेकंद असे एकमेकांना चिकटून येतात. २००० मीटरचा २ सेकंद येतो आणि शेवटच्या शर्यतीचा ०.४२. साधी सरासरी काढली तर ०.९६ मिळते. मधला आकडा काढला तर ०.८५. मी दुसरा घेतो, आणि त्याला कारण आहे. त्या दिवशी मैदानाने चार शर्यतींना जवळजवळ सारखंच मंद केलं. मग एकट्या २००० मीटरवालीला दुपटीपेक्षा जास्त मंद करण्याचं त्याला कारण नव्हतं. तिथे बहुधा कोणी पुढे जायला तयार नव्हतं, घोडे निम्मं अंतर दुडक्या चालीने गेले आणि शेवटच्या चारशे मीटरमध्ये पळापळ झाली. अशा शर्यतीची वेळ घोड्यांबद्दल काहीच सांगत नाही. तिथल्या विजेत्याच्या नावापुढे आकडा न लिहिणंच बरं.

आता ती शेवटची शर्यत पाहा. विजेत्याची वेळ ७१.५ सेकंद, पार ७१. वरवर पाहता हा पारपेक्षाही मंद घोडा. पण व्हेरिअंट ०.८५ दर हजार मीटर, म्हणजे १२०० मीटरला १.०२ सेकंद. ते वजा केले की वेळ येते ७०.४८. घोडा पारपेक्षा अर्धा सेकंद जास्त वेगाने धावला होता.

अर्ध्या सेकंदाचे किलो कसे करायचे? लेंथ म्हणजे घोड्याची लांबी, अदमासे २.४ मीटर. चांगल्या गवतावर एका सेकंदात सहा लेंथ धरण्याचा ब्रिटिश रिवाज आहे, मऊ मैदानावर पाच. आपण सहा धरू. मग ०.५२ सेकंद म्हणजे ३.१ लेंथ. आता लेंथचं वजन. पंधरा पाउंडांना शर्यतीच्या फर्लांगांनी भागायचं, असा एक जुना आडाखा आहे. १२०० मीटर म्हणजे सहा फर्लांग, म्हणून एक लेंथ अडीच पाउंडांची, म्हणजे सुमारे १.१३ किलोची. २४०० मीटरच्या इंडियन डर्बीत हीच लेंथ पाऊण किलोहूनही कमी भरते, कारण दूरच्या शर्यतीत तेवढंच वजन घोड्याला जास्त लेंथ मागे ओढतं. आपल्या विजेत्याच्या ३.१ लेंथ म्हणजे साडेतीन किलो. अर्ध्या किलोला एक पॉइंट, म्हणून सात पॉइंट.

कुठून मोजायचं हेही ठरवायला हवं. क्लास थ्रीच्या पार टाइमला ५५ किलो वजन आणि ५६ रेटिंग असं धरू. या क्लासचा साधारण विजेता तेवढ्याच लायकीचा असतो. आपल्या विजेत्याचं अधिकृत रेटिंग ६० होतं आणि त्याच्यावर ५९ किलो होते. पारच्या वजनापेक्षा चार किलो जास्त, म्हणजे आणखी आठ पॉइंट. ५६ अधिक ७ अधिक ८, एकूण ७१. रेटिंग ६०, धाव ७१ ची.

त्याच्या मागचे दोघे मला जास्त रंजक वाटतात. दुसरा घोडा दोन लेंथने हरला, त्याच्यावर फक्त ५२.५ किलो होते. तिसरा तीन लेंथने हरला, पण त्याच्यावर ५८.५ किलो होते. दुसऱ्याचे दोन लेंथचे साडेचार पॉइंट गेले आणि विजेत्यापेक्षा साडेसहा किलो कमी वाहिल्याबद्दल तेरा. त्याचा आकडा आला ५३.५. तिसऱ्याचे लेंथचे सात पॉइंट गेले, पण वजनाचा फक्त एक. त्याचा आकडा ६३. निकालात एक लेंथ मागे असलेला हा घोडा दुसऱ्यापेक्षा साडेनऊ पॉइंटांनी सरस आहे. उद्या दोघे सारखं वजन घेऊन १२०० मीटर धावले, तर हिशेबाने तिसरा चार लेंथ पुढे असायला हवा. स्टँडमधून दुर्बीण लावूनही हे दिसत नाही. दिसतो फक्त दुसरा आणि तिसरा.

हॅंडिकॅपर मुख्यतः कोणी कोणाला किती लेंथने हरवलं यावर चालतो. समजा त्याने विजेत्याला सहा पॉइंट वाढवून ६६ केलं आणि घोडा पुढच्या वेळी क्लास टूत उतरला. ८६ वाल्यावर ६२ किलो असतील, तर याच्या पाठीवर येतील ५२. आपला आकडा ७१ खरा असेल, तर त्याच्यावर ५४.५ किलो असायला हवे होते. अडीच किलोची सूट मिळालेला हा घोडा आहे. हे सगळं खटाटोप अशा अडीच किलोंसाठी असतो.

आता बायर वजन का मोजत नाहीत ते पाहू. त्यांचा अनुभव असा की अमेरिकेतल्या रोजच्या शर्यतींत वजनाचा फरक थोड्या पाउंडांचा असतो आणि पाचशे किलोच्या जनावराला तो जाणवल्याचं वेळांत दिसत नाही. याउलट लेन रॅगोझिन यांच्या ‘शीट्स’मध्ये वजन मोजलं जातं, वळणावर घोडा किती बाहेरून गेला तेही मोजलं जातं. माझं मत असं की दोघे आपापल्या जागी बरोबर आहेत. आपल्याकडे एकाच शर्यतीत तेरा किलोंचा फरक पडू शकतो, तिथे वजन सोडून चालणारच नाही. तरी एक लेंथ म्हणजे १.१३ किलो हा निसर्गनियम नव्हे, रूढ आडाखा आहे. तिसऱ्याच्या त्या साडेनऊ पॉइंटांतला मोठा भाग वजनाचा आहे. वजनाचा परिणाम आडाख्याच्या निम्माच निघाला, तर दुसऱ्यावरची त्याची आघाडी निम्म्याहूनही कमी होईल. म्हणून मी लेंथचा आकडा आणि वजनाचा आकडा वेगळ्या रकान्यांत लिहितो आणि बेरीज तिसऱ्या रकान्यात करतो. फक्त बेरीज लिहिली तर तिच्यात वजन किती होतं ते महिन्याभराने कोणालाच सांगता येत नाही.

चुका बहुतेक व्हेरिअंटमध्ये होतात. पावसात चौथ्या शर्यतीनंतर सर आली तर दिवस एक राहत नाही. पहिल्या चार शर्यतींचा वेगळा व्हेरिअंट आणि उरलेल्यांचा वेगळा काढावा लागतो, मग एका गटात दोनच शर्यती उरल्या तरी. पुण्यात असे दिवस येतातच. दुसरी गोष्ट कुंपणाची. आतल्या बाजूचं गवत वाचवण्यासाठी क्लब फॉल्स रेल लावतो, म्हणजे आतलं कुंपण काही मीटर बाहेर सरकवतो. ते चार मीटर सरकलं, तर अर्धवर्तुळाकार वळणावर घोड्यांना सुमारे साडेबारा मीटर जास्त धावावं लागतं. चार गुणिले पाय, एवढंच गणित. साडेबारा मीटर म्हणजे पाऊण सेकंद. सुरुवातीची जागा त्या प्रमाणात सरकवली नसेल, तर वळण असलेल्या सगळ्या शर्यती मंद दिसतात आणि आपण त्याचं खापर मैदानावर फोडतो. याच गणिताने वळणावर एक मीटर बाहेरून धावलेला घोडा तीन मीटर, म्हणजे एका लेंथपेक्षा जास्त, फुकट धावलेला असतो. वेळेत ते दिसत नाही, म्हणून निकालाबरोबर शर्यतीचा व्हिडिओ पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

आणि कधीकधी घड्याळच चुकतं. १९७३ मध्ये बॉल्टिमोरच्या प्रीकनेस शर्यतीत सेक्रेटेरियटची वेळ विजेवर चालणाऱ्या घड्याळाने १ मिनिट ५५ सेकंद दाखवली. मैदानावरच्या अधिकृत माणसाच्या घड्याळात ती १ मिनिट ५४.४ होती, आणि डेली रेसिंग फॉर्मच्या दोन माणसांच्या घड्याळांत १ मिनिट ५३.४. वाद जवळजवळ चाळीस वर्षं चालला. २०१२ मध्ये मेरिलँडच्या रेसिंग कमिशनने चित्रफिती तपासून ती १ मिनिट ५३ सेकंद ठरवली. जगाची नजर असलेल्या शर्यतीत दोन सेकंदांची, म्हणजे दहा-बारा लेंथची चूक होऊ शकते, तर क्लास फाइव्हच्या कोणी न पाहिलेल्या शर्यतीत काय होत असेल याची कल्पना करावी. एका शर्यतीचा आकडा त्या दिवसाच्या इतर आकड्यांशी काही केल्या जुळत नसेल आणि घोडे एकमेकांपासून नेहमीच्याच अंतरावर संपले असतील, तर आधी घड्याळावर संशय घ्यावा.

आपल्या दिवसात एक शंका उरलीच आहे. शेवटची शर्यत वेगवान निघाली ती घोडा चांगला म्हणून, की दुपारच्या उन्हाने मैदान वाळलं म्हणून? मैदान वाळलं असेल, तर आपण दिलेले ७१, ५३.५ आणि ६३ हे तिन्ही आकडे फुगलेले आहेत. क्लासच्या पारवर विसंबून हे कळत नाही, कारण पारला घोडे माहीत नसतात. म्हणून जाणकार व्हेरिअंट पारवरून काढून थांबत नाहीत. शर्यतीतल्या प्रत्येक घोड्याचे मागचे आकडे काढून ते विचारतात, हे घोडे आपल्या नेहमीच्या लायकीप्रमाणे धावले असते तर वेळ किती आली असती? शर्यतीत दहा घोडे असतील आणि आपल्या आकड्यानुसार दहाही जणांनी आयुष्यातली सर्वोत्तम धाव घेतली असेल, तर गडबड घोड्यांत नाही, व्हेरिअंटमध्ये आहे. विजेत्याने एकट्यानेच उडी मारली आणि बाकीचे आपापल्या जागी राहिले, तर आकडा राहू द्यावा.

आपल्या शर्यतीत विजेता रेटिंगच्या अकरा पॉइंट वर, दुसरा साडेसहा, तिसरा चार पॉइंट वर. तिघेही वर आहेत, हे थोडं खटकतं. मी असा आकडा पेन्सिलीने लिहितो. महिन्या-दीड महिन्यात हे घोडे पुन्हा धावतात. तिघांनीही चार-चार पॉइंट कमी केले, तर मागे जाऊन त्या शर्यतीचा व्हेरिअंट बदलायचा आणि विजेता ६७ वर आणायचा. मग हॅंडिकॅपरने दिलेलं ६६ जवळजवळ अचूक होतं असं निघेल.

या आकड्यांवर पैसे लावायला निघालेल्यांना एक गोष्ट सांगायला हवी. १९९२ पासून बायरचे आकडे डेली रेसिंग फॉर्ममध्ये छापून येऊ लागले, आणि पूर्वी त्यांना जी फायद्याची संधी मिळत असे ती आटत गेली, असं ते स्वतःच सांगत आले. आकडा सगळ्यांच्या हातात आला की भाव त्याप्रमाणे उतरतो. इथे निकाल, वजनं, लेंथ आणि रेटिंग क्लबच प्रसिद्ध करतो, वहीत आकडे मात्र थोडेच लोक लिहितात. ज्याला सुरुवात करायची असेल त्याने फक्त १२०० आणि १४०० मीटर ही दोन अंतरं घ्यावीत, पुण्याचा पुढचा एक मोसम पूर्ण कागदावर काढावा, आणि आपले किती आकडे पुढच्या धावेत टिकले ते मोजल्याशिवाय खिडकीकडे जाऊ नये.